सूची अकारविल्हे लावताना दर वेळी तीच गडबड: ॲ शेवटी, ग्रहण ग्रहाच्या पोटात आणि एकच शब्द दोनदा

पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची करताना प्रत्येक वेळी हे होतंच. प्रूफं बघताना पानापानावरून शब्द टिपून शीटमध्ये टाकले जातात, सातआठशे ओळी जमतात, मग सॉर्टचं बटण दाबलं की वाटतं झालं काम. पण यादी बघितली की ॲरिस्टॉटल पार तळाला, ह च्याही खाली, क्षितिज क मध्ये घुसलेलं, ताऱ्यांचं वर्गीकरण दोन ठिकाणी, पानं ११२, २३, ९ अशी उलटीसुलटी. मग हाताने ओढाओढ सुरू, आणि शेवटच्या प्रूफात चार शब्द वाढले की परत सॉर्ट आणि परत पहिल्यापासून ओढाओढ. मी तीन पुस्तकांना हे असंच हाताने केलं आणि तिसऱ्यात दोन चुका छापून गेल्या, त्यानंतर एकदा बसून नेमकं कुठे बिघडतं ते शोधून काढलं. नुकतीच खगोलशास्त्राच्या एका पुस्तकाची सूची केली, उदाहरणं त्यातलीच देते.

आधी एक गोष्ट तपासा. तुमची यादी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधून आलीये का? फॉन्ट बदलल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसत असेल तर ती युनिकोड नाही, आणि तिथे सॉर्ट लागणं शक्यच नाही, कारण त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, म्हणजे दि, वि, नि सगळे वेलांटीखाली एकत्र येतात. ती आधी कन्व्हर्टरमधून काढा, रफार आणि वेलांट्या डोळ्याने तपासा, मगच पुढचं वाचा.

एकच शब्द दोनदा का येतो

हे सगळ्यात आधी सोडवायचं, कारण शब्द एक झाले नाहीत तर पानं एकत्र येणारच नाहीत. माझ्याकडे "ताऱ्यांचे वर्गीकरण" दोनदा होतं, एकदा पान १७० आणि एकदा १८४, आणि दिसायला दोन्ही अगदी सारखे. शेजारच्या कॉलममध्ये `=LEN(A2)` टाकून बघितलं तर एका नोंदीत १८ अक्षरं आणि दुसऱ्यात १९, फरक होता "ताऱ्यांचे" या शब्दात, तो एकीकडे ९ अक्षरांचा आणि दुसरीकडे १०. कारण हा तोकडा र दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. ते दिसत नाही पण मोजलं जातं. एका कीबोर्डवर एक प्रकार येतो, दुसऱ्यावर दुसरा, त्यामुळे दोन जणांनी मिळून यादी केली असेल तर हे होणारच.

दुसरी जागा त्याहून फसवी. "अँड्रोमेडा" हा शब्द कुणी अ वर चंद्रबिंदू देऊन टाइप करतं, कुणी ॲ वर अनुस्वार देऊन, आणि बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सेम दिसतात. इथे `LEN` पण उपयोगाचं नाही, दोन्हीकडे १० च येतात. इथे `=UNICODE(A2)` वापरा, ते पहिल्या अक्षराचा नंबर देतं. 2309 आलं तर तो अ आहे, 2418 आलं तर ॲ. आणि तिसरा प्रकारही सापडतो, अ घेऊन त्यावर नुसती चंद्राची मात्रा, तिथेही 2309 च दिसतं पण अक्षर एक जास्त भरतं. ऑक्सिजनचं तसंच, ऑ हे एक अक्षर किंवा आ वर चंद्र. आपल्या मराठीत चंद्रबिंदू जवळपास फक्त या इंग्रजी उच्चारासाठीच वापरतात, त्यामुळे सरसकट "चंद्र अधिक अनुस्वार" असं बदललं तरी चालतं. हे मराठीपुरतंच बरं का, हिंदी किंवा संस्कृत शब्द भरपूर असतील तर तिथे चंद्रबिंदू खरा असतो, तिथे हे करू नका.

तिसरं कारण कॉम्प्युटरचं नाही, आपलं आहे. मजकुरातून शब्द उचलला की तो सामान्यरूपात येतो. दुर्बिणीतून, ग्रहणात, सूर्याचा, ताऱ्यांमधले. दुर्बीण मध्ये बी दीर्घ आणि दुर्बिणीत ऱ्हस्व, म्हणजे नुसता प्रत्यय कापून "दुर्बिणी" ठेवलं तरी ती वेगळी नोंद होते आणि वेगळ्या जागी लागते. म्हणून सॉर्टच्या आधी एकदा पूर्ण यादीवरून हात फिरवून प्रत्येक मुख्य नोंद प्रथमेत आणावीच लागते, याला शॉर्टकट नाही. एकवचन की अनेकवचन हेही इथेच ठरवा. मी मोजता येणाऱ्या गोष्टी अनेकवचनात ठेवते, म्हणून तारा आणि तारे मधलं "तारे" राहिलं आणि तारा मधली पानं तिकडे गेली. पण ग्रहण एकवचनात ठेवलं, कारण ती घटना आहे आणि "ग्रहणे" असं कुणी शोधत नाही.

क्रम का चुकतो

कॉम्प्युटरकडे अक्षरांचे नंबर असतात आणि साधा सॉर्ट त्या नंबरांनी होतो. देवनागरीचे नंबर बऱ्यापैकी वर्णमालेसारखेच लावलेत, म्हणून ९० टक्के यादी बरोबर लागते आणि आपण गाफील राहतो. काना, मात्रा व्यंजनांच्या नंतर येतात आणि हलन्त त्यांच्याही नंतर, त्यामुळे क, का, कि, कौ आणि मग क्र हा कोशासारखा क्रम आपोआप मिळतो. चुकतात ती ठराविक अक्षरं.

ॲ हे अक्षर नंतर वाढवलं गेलं म्हणून त्याचा नंबर ह, सगळ्या मात्रा आणि अंकांच्याही पुढचा आहे, म्हणून ॲरिस्टॉटल तळाला. ळ चा नंबर ल आणि व च्या मधला आहे, त्यामुळे "पळ" हे कालमापनाचं एकक "पश्चिम क्षितिज" च्या आधी येतं, पण आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, म्हणजे पश्चिम आधी आणि पळ नंतर हवं. क्ष आणि ज्ञ ही कॉम्प्युटरच्या लेखी जोडाक्षरं आहेत, म्हणून क्षितिज हे क्रांतिवृत्ताच्या खाली, क च्या शेवटी जाऊन बसतं.

अनुस्वाराचं मात्र चूक-बरोबर असं नाही, तिथे पद्धती वेगवेगळ्या आहेत. कंकण हे क च्या सुरुवातीला, की अं औ नंतर येतो म्हणून कौ च्या नंतर, की ङ् समजून त्या जागी, तिन्ही प्रकार कोशांमध्ये सापडतात. नंबरांनी लावलं की अनुस्वार पहिला येतो, म्हणजे अंतर, मग अक्ष. मी तोच ठेवते, कारण वाचकाला उच्चारावरून ङ् आहे की ञ् याचा विचार करायला लावणं बरोबर नाही. क्ष, ज्ञ शेवटी घ्यायचे की क, ज मध्ये, हेही तसंच, संपादकाला विचारा, एकदा ठरवा आणि शब्दाच्या मधल्या क्ष लाही तोच नियम लावा, नाहीतर कक्षा एका नियमाने आणि क्षितिज दुसऱ्या असं होतं.

आता काही जण म्हणतील शीटमध्ये भाषा मराठी करा की. करून बघा, पण वेगळ्या मशीनवर वेगळ्या प्रोग्राममध्ये तीच फाइल उघडून सॉर्ट केली तर क्रम बदलू शकतो, कारण प्रत्येकाचे नियम आपापले. म्हणून मी शब्दाला हात न लावता त्याच्यापासून एक वेगळी चावी बनवते आणि सॉर्ट त्या चावीवर करते. पायथनमध्ये एवढंच:

```python
import unicodedata

def clean(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s.strip())
    for a, b in [
        ("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d"),
        ("\u200d", ""),
        ("\u0901", "\u0945\u0902"),
        ("\u0905\u0945", "\u0972"),
        ("\u0906\u0945", "\u0911"),
        ("\u093e\u0945", "\u0949"),
    ]:
        s = s.replace(a, b)
    return s

def key(s):
    s = clean(s)
    for a, b in [
        (" ", ""), ("-", ""), ("\u200c", ""), ("\u093c", ""),
        ("\u0931", "\u0930"), ("\u0972", "\u090d"),
        ("\u0933", "\u093a"), ("क्ष", "\u093b"), ("ज्ञ", "\u093c"),
    ]:
        s = s.replace(a, b)
    return s

rows.sort(key=lambda r: (key(r[0]), key(r[1]),
                         int(r[2].split("–")[0])))
```

`rows` म्हणजे तुमच्या ओळींची यादी, प्रत्येक ओळीत मुख्य नोंद, उपनोंद आणि पान अशा तीन गोष्टी. `clean` शब्द एकसारखा करतं, तोकडा र आणि ॲ चे वर सांगितलेले प्रकार एकावर आणतं. `key` फक्त क्रमासाठी आहे, ती छापायची नाही. त्यात ॲ ला ए च्या अगदी आधीची जागा दिलीये, कारण चंद्राची मात्राही नंबरांमध्ये े च्या आधीच येते, आणि ळ, क्ष, ज्ञ यांना ह च्या पुढचे तीन नंबर दिलेत जे मराठीत एरवी लागत नाहीत. क्ष, ज्ञ आपापल्या जागी क आणि ज मध्येच हवे असतील तर त्या दोन जोड्या काढून टाका, बाकी काही बदलायचं नाही.

दोन सावधगिऱ्या. एक, नोंदी एकत्र करताना `clean` केलेल्या शब्दावर करा, `key` वर नाही. `key` मध्ये ऱ चा र होतो, त्यामुळे दर्या आणि दऱ्या, म्हणजे समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा, एकच होऊन बसतील. दुसरं, ही चावी शीटमध्ये नेऊन तिथे सॉर्ट करू नका, शीट परत स्वतःचे नियम लावेल. सॉर्ट पायथनमध्येच होऊ द्या आणि प्रत्येक ओळीला १, २, ३ असा अनुक्रमांक देऊन तो कॉलम बाहेर काढा. मग शीटमध्ये कधीही त्या आकड्यावर लावता येतं, कुठल्याही मशीनवर.

चाचणीसाठी एवढे शब्द उपनोंद रिकामी आणि पान १ ठेवून उलटेसुलटे करून टाका आणि याच क्रमाने येतात का बघा: अंतर, अक्ष, आकाशगंगा, ॲरिस्टॉटल, एकक, ऑक्सिजन, ओरायन, क्रांतिवृत्त, पश्चिम क्षितिज, पळ, हॅले, क्षितिज, ज्ञात विश्व.

उपनोंदी दुसऱ्याच नोंदीत का घुसतात

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि छापून गेलेल्या दोन चुकांपैकी एक याचीच होती. यादीत "ग्रह – कक्षा", "ग्रह – वलये" आणि "ग्रहण" अशा ओळी एकाच कॉलममध्ये होत्या. डॅश आणि स्पेस सोडून द्यायला सांगितलं की कॉम्प्युटरला दिसतं ग्रहकक्षा, ग्रहण, ग्रहवलये. क, ण, व, क्रम अगदी बरोबर! म्हणून ग्रहण आणि त्याच्या सगळ्या उपनोंदी ग्रहाच्या दोन उपनोंदींच्या मध्ये जाऊन बसल्या, आणि मांडणीत "वलये" दिसलं ग्रहणाखाली. ग्रहणाला वलयं, आणि पान शनीचं.

उपाय एकच, मुख्य नोंद, उपनोंद आणि पान असे तीन कॉलम पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवायचे आणि आधी मुख्य, मग उप, मग पान असा सॉर्ट करायचा. वरच्या शेवटच्या ओळीत तेच केलंय. उपनोंद रिकामी असेल तर ती ओळ आपोआप पहिली येते, म्हणजे नुसत्या "ग्रहण" ची पानं मथळ्यासमोर आणि बाकी खाली.

स्पेस का काढली हे सांगायला हवं. सौर डाग, सौर वारा आणि सौरमाला हे तीन शब्द घ्या. शब्दागणिक लावलं तर सौर डाग, सौर वारा, मग सौरमाला. अक्षरागणिक, म्हणजे स्पेस नाहीच असं समजून लावलं तर सौर डाग, सौरमाला, सौर वारा. मराठीत सामासिक शब्द जोडायचा की तोडायचा यात लेखक स्वतःच एका पुस्तकात दहा वेळा बदलतो, वाचकाला तर लक्षातही नसतं, म्हणून मी कायम अक्षरागणिक लावते. त्याचा आणखी एक फायदा, कुणी "सौर माला" असं तोडून लिहिलं असेल तर ते सौरमालेच्या अगदी शेजारी येऊन बसतं आणि डोळ्याला लगेच दिसतं. स्वल्पविराम मात्र काढू नका, तो राहिला तर "केप्लर, योहानेस" हे "केप्लरचे नियम" च्या आधी नीट बसतं.

आता ग्रहणाच्या कच्च्या ओळी अशा होत्या:

ग्रहणात ११२
सूर्यग्रहण ११२–११८
कंकणाकृती ग्रहण ११५
खग्रास ग्रहण ११३
खग्रास सूर्यग्रहण ११६
चंद्रग्रहण ११९–१२१
ग्रहणे ९

पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा मथळा "ग्रहण" झाला. कंकणाकृती ग्रहण आणि खग्रास ग्रहण यात शोधायचा शब्द शेवटी आहे म्हणून ते उलटवून उपनोंदी केल्या. खग्रास ग्रहण आणि खग्रास सूर्यग्रहण पुस्तकात एकाच गोष्टीबद्दल होतं, हे पान उघडून बघितल्यावरच कळलं, कारण खग्रास चंद्रग्रहणही असतंच. पहिली ओळ, पान ११२, सूर्यग्रहणाच्या ११२–११८ मध्येच होती म्हणून काढली. शेवटी झालं ते असं:

ग्रहण ९
– कंकणाकृती ११५
– खग्रास सूर्यग्रहण ११३, ११६
– चंद्रग्रहण ११९–१२१
– सूर्यग्रहण ११२–११८

आणि च मध्ये "चंद्रग्रहण ११९–१२१" परत दिलं. तिथे "पाहा ग्रहण" लिहायचा मोह होतो, पण ज्या नोंदीला एकच पान किंवा एकच सलग भाग आहे तिथे सरळ पानं परत छापा, जागा तेवढीच जाते आणि वाचकाला दोनदा सूची उलटावी लागत नाही. "पाहा" तेव्हा, जेव्हा पलीकडे उपनोंदींचा गठ्ठा आहे. सूर्यग्रहणाला कंकणाकृती आणि खग्रास दोन्ही लागू होतात म्हणून स मध्ये "सूर्यग्रहण, पाहा ग्रहण" ठेवलं. आणि असं प्रत्येक "पाहा" लिहिलं की पलीकडची नोंद खरंच त्याच शब्दाने आहे का ते बघा, नंतर कुणीतरी मथळा बदलतं आणि "पाहा" लोंबकळत राहतं.

उपनोंद कधी करायची? माझा ठोकताळा असा की एका शब्दापुढे सहापेक्षा जास्त सुटी पानं झाली की फोडायचं. "तारे" पुढे माझ्याकडे १९ पानं होती. एवढी पानं कुणी उघडून बघत नाही. फोडल्यावर अंतर, तेजस्विता, रंग, वर्गीकरण वगैरे पाच उपनोंदी झाल्या आणि चार पानं चक्क उडाली, कारण तिथे तारे हा शब्द नुसता ओघात आला होता, माहिती काहीच नव्हती.

पानांचा गोंधळ

११२, २३, ९ असं येतं म्हणजे पानं आकडे म्हणून नाही, मजकूर म्हणून लावली गेलीत. वरच्या कोडमधलं `int` देवनागरी आकडेही वाचतं, त्यामुळे ४७ तसंच ठेवलं तरी चालतं. पण पानांचा कॉलम शीटमध्ये टाइप करण्याआधीच टेक्स्ट फॉरमॅटवर ठेवा, नाहीतर इंग्रजी आकड्यात 3-5 लिहिलं की त्याची तारीख होते आणि मग मूळ काय होतं ते परत मिळत नाही. "ते" साठी एकच लांब डॅश ठरवा, वरच्या कोडमध्ये आहे तोच. कुठे चुकून छोटा हायफन राहिला तर `int` तिथे एरर देऊन थांबतं, मला ते बरंच वाटतं, चूक छपाईआधी सापडते.

४५, ४६, ४७ दिसलं की आपोआप ४५–४७ करू नका. तीन पानांवर तीन वेगळे उल्लेख असणं आणि विवेचन तीन पानं सलग चालणं यात फरक आहे, आणि तो फक्त पान वाचलेल्या माणसाला कळतो. म्हणून टिपतानाच सलग असेल तर तसं लिहा.

आणि हे सगळं पानं गोठल्यावर. माझ्या या पुस्तकात सूची तयार झाल्यानंतर १४० व्या पानावर एक आकृती वाढली आणि तिथून पुढे सगळं एक पान सरकलं. तेव्हा पानांच्या कॉलममध्ये १४० च्या पुढच्यांना सरसकट एक मिळवून सुटले नाही, कारण १५६ वर प्रकरण संपत होतं आणि तिथे आधी कोरं पान होतं, ते भरलं गेलं, म्हणजे १५७ पासून पुढे पानं जिथल्या तिथे. १४१ ते १५६ मधल्या ३८ ओळी एकेक पान उघडून तपासल्या, त्यात दोन नोंदी अशा निघाल्या ज्यांचा परिच्छेद आता दोन पानांवर विभागला गेला होता. आता मी डीटीपीवाल्याकडून "यापुढे पान हलणार नाही" हे लिहून आल्याशिवाय पानांचा कॉलम भरतच नाही, तोवर फक्त मुख्य नोंदी आणि उपनोंदी ठरवून ठेवते, ते काम पानांशिवाय होतं.

कुणाला अजून वेगळं काही अडलं असेल तर ते दोन शब्द जसेच्या तसे कॉपी करून टाका, परत टाइप करू नका, टाइप केलं की न दिसणारं चिन्ह निघून जातं आणि मग काय चुकत होतं ते सापडत नाही.